अकरावीतल्या मुलाला जिममधून पावडरचे डबे सांगितलेत. कशाला हो म्हणू, कशाला नाही?

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलगा सोळा पूर्ण, अकरावी सायन्स, आम्ही नाशिकला. उंची पाच फूट सात इंच, वजन ५६ किलो. परीक्षा संपल्यावर जिम लावली, त्याचा मला आनंदच आहे. मोबाइल खाली ठेवून घाम गाळतोय. पण तिथल्या ट्रेनरनं त्याला एक यादी दिलीय. व्यायामानंतर व्हे प्रोटीनचा एक स्कूप, रात्री दुधातून मास गेनर, व्यायामाआधी अर्धा स्कूप प्री-वर्कआउट, आणि मल्टिव्हिटॅमिनची गोळी. सगळं त्यांच्याच काउंटरवर मिळतं.

माझं मत असं, की वाढत्या वयात जे हवं ते ताटातूनच मिळायला हवं. मुलगा म्हणतो, "आई, घरच्या जेवणात प्रोटीन नसतंच, सगळं कार्ब्स." मला "आमच्या काळी नव्हतं असलं काही" एवढ्यावर त्याला गप्प करायचं नाहीये. आकड्यांत उत्तर हवंय. आणि यातलं नुसतं अनावश्यक काय आणि खरोखर घातक काय, हेही कळू द्या.

---

भुईशेंग
पहिला प्रतिसाद माझा, आणि आयडीला जागून: शेंगदाणे. 🙂 सविस्तर लिहिणारे येतीलच मागून.

---

टाकसाळ
ताई, व्हे अजिबात नको. किडनी जाते. माझ्या भाच्यानं कॉलेजात असताना व्हे आणि क्रिएटिन दोन्ही घेतलं, तर रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. घरचे रडकुंडीला आले होते. सगळं बंद केल्यावर आकडा खाली आला.

---

तालीमवाला
कोल्हापुरात माझी स्वतःची व्यायामशाळा आहे, आधी तालमीत घडलो, म्हणून लिहितो. व्हे म्हणजे काही विष नाही. दूध फाटल्यावर जे पाणी निघतं त्यातलंच प्रोटीन वाळवून डब्यात भरलेलं असतं. आमचे पैलवान थंडाई, तूप, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि कच्ची अंडी यांच्यावर जगले, आताच्या पोरांना शिकवण्या आणि क्लासमधून तेवढा वेळ नाही. ट्रेनर सगळेच चोर नसतात.

पण प्री-वर्कआउट सोळा वर्षांच्या पोराला? माझ्या इथं कुणी दिलं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही.

---

वैनगंगा
मी नागपूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, येणाऱ्यांत निम्मी मुलं दहावी ते बारावीची असतात. रानजाई, उत्तर देण्याआधी एक विचारते. मुलगा कालच्या दिवसात काय काय जेवला ते लिहाल? आदर्श दिवस नको. काल खरोखर जे पोटात गेलं ते, बिस्किटांसकट.

---

रानजाई
लिहिते, विचारूनच.

सकाळी सव्वासहाला चहा आणि चार बिस्किटं, मग क्लास. साडेदहाला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापाव. दीडला घरी: तीन पोळ्या, दुधीची भाजी, वाटीभर आमटी (आमच्याकडे पातळ असते), थोडा भात. पाचला चहा आणि बाकरवडी. सहा ते सात जिम. नऊला तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात-आमटी. दूध आवडत नाही म्हणतो. अंडी आठवड्यातून दोनदा, रविवारी चिकन.

---

वैनगंगा
आता हिशेब करू. आकडे अंदाजे आहेत, पण अंदाज वाईट नाही.

एका पोळीत साधारण ३ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे दिवसाच्या सहा पोळ्यांचं १८. "पोळीत प्रोटीन नसतं" हे त्याला कुणी सांगितलं असेल तर तिथंच पहिली चूक झाली. पातळ आमटीची वाटी ३ ते ४, दोन वेळची मिळून ७. भात दोन वेळचा ५. भाज्या ३. वडापाव ६. चहातलं दूध, बिस्किटं, बाकरवडी मिळून फार तर ६. बेरीज ४५ ग्रॅम.

आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात १६ ते १८ वयाच्या मुलासाठी दिवसाला ५५ ग्रॅम दिलेत. म्हणजे तो म्हणतो तसं "प्रोटीन नसतंच" हे खरं नाही, आणि "घरचं सगळं पुरेसं आहे" हेही खरं नाही. दहा ग्रॅम कमी पडतायत. व्यायाम करतोय म्हणून मी त्याच्यासाठी ७० च्या आसपास धरीन.

पण मला त्या दिवसात प्रोटीनपेक्षा मोठी गोष्ट दिसली. याच तक्त्यात या वयाच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज ३३२० कॅलरी धरली आहे. तुमचा मुलगा सकाळी सहापासून दुपारी दीडपर्यंत चहा, बिस्किटं आणि एका वडापाववर आहे. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते प्रोटीनसुद्धा जाळून टाकतं, स्नायू बांधायला उरतच नाही. अशा मुलाला संध्याकाळी स्कूप दिला तर महागातलं प्रोटीन इंधन म्हणून जाळलं जाईल. त्याचं दुखणं सकाळचं आहे आणि औषध संध्याकाळी दिलं जातंय.

म्हणून बदल एवढेच करा. सकाळी निघताना दोन उकडलेली अंडी, बलकासकट: १२ ग्रॅम. पाच वाजता बाकरवडीच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे: ७. आमटी घट्ट, म्हणजे डाळ जास्त आणि पाणी कमी: दोन्ही वेळचे मिळून ४. दूध नको तर रात्री मोठी वाटी दही: ६. झाले ७० च्या वर. कॅन्टीनऐवजी डब्यात मटकीची उसळ-पोळी गेली तर त्याहून बरं, पण ते सोळा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर पटवणं अवघड असतं. आधी सकाळ सुधारा.

---

भुईशेंग
म्हणजे माझा एका शब्दाचा प्रतिसाद सात ग्रॅमचा निघाला!

---

आजोबा६८
चर्चा उपयुक्त. मला डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रोटीन पावडर सांगितली आहे, वय ६८. वरचं वाचून बंद करावी का? दात नसल्यामुळे शेंगदाणे जमत नाहीत.

---

वैनगंगा
आजोबा, मुळीच बंद करू नका. ही चर्चा वाढत्या मुलांची आहे. उतारवयात भूक कमी, चावणं अवघड, तिथं डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरला जागा असते. शेंगदाण्याचं कूट मात्र ताकात, आमटीत कितीही घाला.

टाकसाळ, तुमच्या भाच्याबद्दल. क्रिएटिन हे शरीरात मोडून क्रिएटिनिनच होतं. त्यामुळे क्रिएटिन घेणाऱ्याचा तो आकडा किडनी धडधाकट असतानाही वर दिसू शकतो. शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी तपासणी करून बघतात. म्हणून "किडनी गेली" असं त्यावरून म्हणता येणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलंय, आणि दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास हाडं आणि किडनीला धोका असू शकतो असंही. निरोगी किडनीच्या बाबतीत तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. मी मुलांना किडनीची भीती घालत नाही, कारण ती पोरं इंटरनेटवर दोन व्हिडिओ बघून येतात आणि मग माझं बाकीचंही ऐकत नाहीत.

---

टाकसाळ
हे माहीत नव्हतं. पण मग क्रिएटिन चालेल असा अर्थ घ्यायचा का?

---

वैनगंगा
अठराच्या आत नाही. मोठ्यांवर त्याचा भरपूर अभ्यास झालाय, वाढत्या मुलांवर फार थोडा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही या वयात देऊ नका असंच सांगते. शिवाय नव्यानं जिमला जाणाऱ्या मुलाची ताकद पहिल्या काही महिन्यांत नुसत्या सरावानं भराभर वाढते. तेव्हा त्याला ते डब्यामुळे झालं असं वाटतं, आणि मग डबा सुटत नाही.

---

परखनळी
ठाण्यात अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. तालीमवाले म्हणतात ते बरोबर, व्हे दुधातूनच येतं. अडचण डब्यात खरंच व्हे किती आहे याची आहे.

प्रोटीन मोजण्याची नेहमीची पद्धत प्रोटीन थेट मोजत नाही. नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणायचं. आता ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं डब्यात मिसळली तर नायट्रोजन वाढतो, आकडा छान येतो, आणि स्नायूला लागणारं प्रोटीन मात्र कमीच असतं. हे पकडायला प्रत्येक अमिनो आम्ल वेगळं मोजावं लागतं, ती तपासणी महाग. घरी एवढंच बघता येतं: घटकांच्या यादीत व्हेनंतर लगेच ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन वेगवेगळी लिहिलेली असतील तर डबा खाली ठेवा. "प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून प्रत्येकाचं प्रमाण दिलं नसेल तरीही.

२०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्यात बहुतेकांच्या लेबलवरचा प्रोटीनचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही, आणि काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकाचे अंशही सापडले. अंड्यात हा प्रश्न येत नाही. सहा ग्रॅम म्हणजे सहा ग्रॅम.

मास गेनरचं तर सरळ लेबल वाचा. मी पाहिलेल्या डब्यांवर ७५ ग्रॅमच्या मापात प्रोटीन १५ च्या आसपास, आणि पन्नासच्या वर कर्बोदकं. ती बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे मक्यापासून किंवा टॅपिओकापासून केलेली, पटकन साखर होणारी पूड. मुलाचं वजन वाढतं, पोटावर. दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू तेच काम पुष्कळ कमी पैशांत करतो, आणि सोबत तंतू, पोटॅशियम देतो.

---

खारा_वारा
आम्ही रत्नागिरीचे. इथं सुकट, वाळलेले बोंबील पावसाळ्यात घरोघरी. माझी मुलगी सुकटीची चटणी भाकरीवर घेते तेव्हा तिला कळतही नाही की ती प्रोटीन आणि कॅल्शियम दोन्ही खातेय. फक्त मीठ जास्त असतं, आधी धुऊन घ्यायचं.

---

दुसरी_पाळी
मी इथं वयानं लहान आहे, १९. प्री-वर्कआउटबद्दल माझा अनुभव लिहितो. बारावीत असताना मित्राच्या डब्यातला एक स्कूप घेतला. वीस मिनिटांत चेहऱ्याला मुंग्या आल्या, छाती धडधडायला लागली, हात थरथरत होते. व्यायाम झालाच नाही. रात्री तीनपर्यंत टक्क जागा. आईला सांगायची भीती वाटली म्हणून कुणालाच बोललो नाही. काकू, तुमचा मुलगा तुमच्याशी यादी घेऊन बोलतोय, ही फार चांगली गोष्ट आहे. त्याला रागावू नका.

---

परखनळी
मुंग्या बीटा-अलानिनमुळे. त्यानं सहसा इजा होत नाही, पण पोरांना वाटतं "पावर चढली". धडधड कॅफिनची. हिशेब बघा. आपल्याकडे कॅफिनयुक्त पेयांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. त्या कॅनवरसुद्धा मुलांसाठी नाही असं छापणं सक्तीचं आहे. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम सर्रास असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं मुलांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरलीय. रानजाईंच्या ५६ किलोच्या मुलाला ती १६८ येते, आणि त्यातून दिवसभराचा चहाही वजा करायचा. अर्धा स्कूप म्हणजे कमी, असं वाटतं. पण डब्यातली पूड वाहतुकीत थरांनी बसते, एकाच मापात कधी जास्त येते कधी कमी. ट्रेनरनं "अर्धा" म्हटलं म्हणून अर्धाच जाईल याची खात्री नाही.

---

तालीमवाला
बरोबर. आणि कोरडा स्कूप तोंडात टाकायचं जे फॅड आलंय ते तर जिवावरचं. ठसका लागतो, पूड श्वासात जाते.

---

शुभ्रवस्त्रा
उशिरा वाचतेय. जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात परिचारिका आहे. तुम्ही सगळे लेबलवाल्या डब्यांबद्दल बोलताय. मला भीती बिनलेबलच्या पुड्यांची आहे, कारण लहान गावांत मोठे डबे परवडतच नाहीत. तिथं मुलं "वजन वाढवायच्या गोळ्या" घेतात. पुडीत दोन-तीन रंगांच्या सुट्या गोळ्या, कधी आयुर्वेदिक म्हणून लिहिलेली डबी. त्यात सापडतं काय, तर सायप्रोहेप्टाडिन हे भूक वाढवणारं ॲलर्जीचं औषध, आणि डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड.

आमच्याकडे एक मुलगा आला होता, दहावीतला, मूळचा अगदी काटकुळा. तीन-चार आठवड्यांत चेहरा गोल झाला, गाल सुजल्यासारखे. घरचे खूश, "अंगाला लागतंय" म्हणून. हातपाय मात्र काटकुळेच राहिले, पोटावर जांभळे चट्टे उठले, सारखी झोप येई. हेच ओळखण्याचं लक्षण आहे: चेहरा आणि पोट भरतं, हातपाय भरत नाहीत. मग कुणीतरी सांगितलं हे वाईट असतं, म्हणून घरच्यांनी एका दिवसात गोळ्या बंद केल्या. त्यानंतर उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, आणि तो भरती झाला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा गोळ्या घरात सापडल्या तर मुलाला मारू नका आणि फेकूनही देऊ नका. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ते हळूहळू कमी करत बंद करतात.

इंजेक्शनं आणि अंग कमावण्याची ॲनाबॉलिक स्टेरॉइडं हा वेगळा प्रकार, त्यानं मुलांच्या हाडांची टोकं वेळेआधी जुळतात. उंची तिथंच थांबते, आणि ती नंतर कशानंच वाढत नाही.

---

टाकसाळ
हे वाचून अंगावर काटा आला. हा प्रतिसाद धाग्याच्या वर घ्या कुणीतरी.

---

फळा_खडू
मी पालघरकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. एक विनंती आहे. "गोळ्या नको, अन्नच हवं" हे वाक्य आमच्या मुलींपर्यंत पोचलं तर त्या आठवड्याची निळी लोहाची गोळीसुद्धा सोडतील. आधीच शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, आठवड्याला एकच. एवढी मोठी तूट नुसत्या पालेभाजीनं पटकन भरत नाही.

---

वैनगंगा
बाई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझा मुद्दा एवढाच: तपासणीत कमतरता दिसली, किंवा सरकारी कार्यक्रमात गोळी मिळाली, तर ती घ्यायचीच. दुकानदारानं किंवा ट्रेनरनं सांगितली तर नाही. मुलींनी निळी गोळी जेवणानंतर पाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नको. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. हाच नियम जेवणाला. ताटात लिंबू पिळा, चहा तासाभरानं.

शाकाहारी घरांत बी-१२ ही अशीच खरी कमतरता असते, ती डाळींनी भरत नाही. आणि ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या "आठवड्याला एक" सांगितलेल्या असताना रोज घेऊन उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ अशी मुलं मी पाहिली आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं. चिठ्ठी नीट वाचा. रानजाई, त्या मल्टिव्हिटॅमिनच्या पैशांत एकदा हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड तपासून घ्या. काही कमी निघालं तर नेमकं तेवढंच द्यायचं.

तालीमवाले, कच्च्या अंड्यांबद्दल मात्र राहिलं. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीर जवळजवळ सगळं घेतं, कच्च्यातलं निम्मंच. वर जंतूंचा धोका.

---

तालीमवाला
उस्ताद ऐकतील तर रागावतील, पण पोरांना उकडूनच सांगतो आता. 🙏

एक प्रश्न मात्र माझाही आहे, आणि मला अजून उत्तर मिळालेलं नाही. माझ्याकडं सतरा वर्षांची एक मुलगी येते, राज्य पातळीवर पोहते. घर शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. राहते वसतिगृहात. पहाटे पाच ते सात पाण्यात, संध्याकाळी पुन्हा. मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी. तिला मी काय सांगू? खोलीत शेगडी लावायला परवानगी नाही.

---

वैनगंगा
हे खरंच अवघड आहे. आधी न शिजवता होण्यासारखं बघा: सत्तू पाण्यात कालवून, भाजलेले चणे, शेंगदाण्याचा लाडू, मेसबाहेरून दही आणि पनीर, भिजवून मोड आणलेले मूग. सोयाबीनच्या वड्यांत कोरड्या १०० ग्रॅममागे ५० च्या वर प्रोटीन असतं, पण त्या शिजवाव्या लागतात, मेसवाल्याला पटवता आलं तर आठवड्यातून तीनदा भाजीत घाला. एवढं करूनही वजन घसरत असेल किंवा पाळी अनियमित झाली असेल तर आधी क्रीडावैद्यकाला दाखवा. त्यानंतर त्यांनीच साधं व्हे सुचवलं तर मी विरोध करणार नाही.

---

परखनळी
मी करीन. राज्य पातळीवरच्या खेळाडूची उत्तेजक चाचणी होऊ शकते, आणि डब्यात लेबलवर नसलेलं काही निघालं तर बंदी खेळाडूवर येते, कंपनीवर नाही. घ्यायचंच असेल तर खेळाडूंसाठी बॅचनिहाय तपासलेला डबाच, बॅच नंबर स्वतः पडताळून. पावती आणि रिकामा डबा जपून ठेवा.

---

तालीमवाला
मेसवाल्याशी उद्याच बोलतो. डब्याचं तिच्या आईवडिलांशी आणि डॉक्टरांशी बोलूनच.

---

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगांचा हिशेब मुलासमोर ठेवला. त्यानं स्वतः वही काढून पुन्हा बेरीज केली, आणि ४५ आल्यावर म्हणाला, "पोळीचं मी धरलंच नव्हतं." शुभ्रवस्त्रांचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. जिममध्ये कुणाकडे तशा पुड्या आहेत का असं विचारलं, तर थोडा वेळ गप्प बसला आणि मग एका मित्राबद्दल बोलला. त्या मित्राच्या आईला मी ओळखते, तिच्याकडे उद्या सकाळी जाणार आहे.

प्री-वर्कआउट आणि मास गेनर दोन्ही यादीतून गेले, त्याला पटून. व्हेवर आमचं एकमत झालेलं नाही. तो म्हणतो अठरा झाल्यावर बघू, मी म्हणते तेव्हाही आधी ताट. अंडी मात्र सकाळी खाऊन जातोय. दह्याबद्दल एक विचारायचं होतं: रात्री नऊनंतर दही खाल्लं की त्याला सर्दी होते असं सासूबाई म्हणतात. पाच वाजता शेंगदाण्यांबरोबर दिलं तर चालेल ना?

---

वैनगंगा
चालेल. वेळेनं काही बिघडत नाही. जिमच्या तासभर आधी पोट फार जड वाटलं तर दुपारच्या जेवणात घ्या आणि पाचला नुसते दाणे ठेवा. आणि त्या मित्राच्या आईला सांगा, पुडी फेकू नका म्हणून.